छाटणीपासून मोजलेले दिवस

माझे मामा तासगावजवळ द्राक्षबाग करायचे. दिवाळीच्या सुट्टीत त्यांच्याकडे गेलं, की तिथली एक गोष्ट मला नवलाची वाटायची. ऑक्टोबरात गोडी छाटणी झाली, की त्या घरात तारखेला फारशी किंमत राहायची नाही. मामा म्हणायचे, "आज बाग बाविसाव्या दिवसात आहे." बाविसावा म्हणजे छाटणीपासून बाविसावा. पाणी किती सोडायचं, कोणतं खत द्यायचं, फवारणी कधी घ्यायची, हे सगळं त्या एका आकड्यावरून ठरायचं. एप्रिलमध्ये खरड छाटणी झाली, की मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू.

पुण्यात तिसऱ्या मजल्यावर घर घेतलं आणि बाल्कनीत झाडं लावली, तेव्हा ही मोजणी मी विसरून गेले होते. बाल्कनी ११ फूट लांब आणि ४ फूट रुंद, तोंड पश्चिमेला. दुपारी दीडपासून मावळतीपर्यंत कठड्यावर कडक ऊन असतं, भिंतीलगत मात्र दिवसभर सावलीच. एवढ्या जागेत मोगऱ्याच्या दोन कुंड्या, जास्वंदीच्या दोन, गुलाबाच्या तीन, कढीपत्ता, तुळस, दोन मिरच्या, दोन अडेनियम, कोरफड आणि भिंतीला दोन मनीप्लांट अशा सोळा कुंड्या बसल्या. त्यांचं वेळापत्रकही मी केलं होतं. रोज सकाळी सातला प्रत्येक कुंडीला एक तांब्या पाणी, दर पंधरा दिवसांनी सगळ्यांना खत आणि झाड अस्ताव्यस्त वाढलं की कात्री.

दोन वर्षांनी हिशेब असा झाला : जास्वंदीला कळ्या यायच्या आणि उमलण्याआधीच गळून पडायच्या. अडेनियम बुंध्यातून सडलं. मोगरा मात्र हिरवागार, पानांनी गच्च भरलेला, पण त्याला फूल नाही. तिन्ही दुखणी एकाच वेळापत्रकातून आली होती. मे महिन्यातल्या जास्वंदीला एक तांब्या फारच अपुरा होता. जुलैतल्या अडेनियमला तोच तांब्या जीवघेणा ठरला. आणि मोगऱ्याला ज्या दिवसांत पाणी तोडायला हवं होतं, त्याच दिवसांत तो रोज पाणी पीत बसला होता.

तेव्हा मामांची मोजणी आठवली आणि तिच्यामागचं कारणही ध्यानात आलं. झाड पाणी पितं ते पानांतून. मुळांनी उचललेल्या पाण्यातलं बहुतेक पानांवाटे वाफ होऊन उडून जातं, आणि त्या ओढीनेच खालचं पाणी वर चढत राहतं. पान जास्त तर ओढ जास्त, पान कमी तर ओढ कमी. खतही पाण्यात विरघळूनच मुळांत शिरतं. म्हणजे कात्रीने किती पानं ठेवली यावर पाणी ठरतं आणि पाण्याच्या ओढीवर खत ठरतं. पाणी, खत आणि छाटणी अशी तीन वेगळी वेळापत्रकं करण्यात माझी चूक होत होती. वेळापत्रक एकच असतं आणि ते छाटणीच्या दिवसापासून सुरू होतं.

पण त्याआधी कुंड्या हलवाव्या लागल्या. सोळा झाडांची तहान सोळा तऱ्हांची असली, तरी ती तीन गटांत बसते. जास्वंद, गुलाब, मोगरा आणि मिरची यांना उन्हाळ्यात जवळजवळ रोज पाणी लागतं. कढीपत्ता, तुळस आणि मनीप्लांट यांना वरची माती सुकली की पुरे. अडेनियम आणि कोरफड यांना कुंडी आतपर्यंत कोरडी झाल्याशिवाय पाणी नको. पहिला गट मी कठड्याकडे नेला. दुसऱ्या गटातले कढीपत्ता आणि तुळस उजव्या टोकाला ठेवले, मनीप्लांट भिंतीलाच राहिले. तिसरा गट डाव्या कोपऱ्यात स्लॅबखाली, पण ऊन लागेल असा मांडला. आता हात आपोआप योग्य ठिकाणी थांबतो. झारी घेऊन निघालं की डाव्या कोपऱ्यात वळायचंच नाही, एवढी साधी सवय अडेनियमला वाचवते.

पाणी कधी द्यायचं, यासाठी शेतकऱ्यांचा एक शब्द मला फार उपयोगी पडला, तो म्हणजे वाफसा. जमीन ओली आहे पण चिखल नाही, मातीच्या कणांना ओल धरलेली आहे आणि मधल्या फटींत हवा खेळते आहे, ती स्थिती म्हणजे वाफसा. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. सतत भिजलेल्या कुंडीत हवा उरत नाही, मुळं गुदमरतात आणि कुजतात. मग भरपूर पाण्यात उभं असलेलं झाड तहानलेल्या झाडासारखंच माना टाकतं. फसगत होते ती इथेच. सुकलेलं झाड पाहून आपण आणखी पाणी घालतो. म्हणून पान मलूल दिसलं की आधी बोट मातीत घालायचं. दोन पेरं खोल कोरडं लागलं तर तहान, ओलं लागलं तर मूळकूज. भर दुपारी पानं थोडी झुकली असतील आणि संध्याकाळी पुन्हा ताठ होत असतील, तर दोन्ही नाही. ती उन्हापुरती झुकलेली असतात.

कोकोपीट जास्त असलेल्या कुंडीत बोटही फसवतं. वरचा थर सुकून पांढुरका दिसतो आणि आत मात्र गच्च ओल असते. तिथे कुंडी उचलून पाहावी. पोटभर पाणी दिल्यावर एकदा आणि पूर्ण सुकल्यावर एकदा कुंडी काठाला धरून थोडी तिरपी केली, की हाताला वजनाचा फरक कळतो. आठ इंची कुंडीत हा फरक साधारण किलोभराचा असतो. आठवड्याभरात हात तयार होतो.

पाणी किती द्यायचं, हे मी प्रत्येक कुंडीसाठी एकदाच मोजलं. लिटरचा मग घेऊन, कुंडी सुकलेली असताना, तळातून पाणी टिपकू लागेपर्यंत सावकाश ओतायचं आणि किती लिटर गेले ते लिहून ठेवायचं. माझ्या बारा इंची जास्वंदीला दोन लिटर लागले, दहा इंची गुलाबाला सव्वा लिटर, आठ इंची तुळशीला पाऊण लिटर. हे माप जवळजवळ बदलत नाही, बदलतं ते दोन पाण्यांमधलं अंतर. जास्वंदीला जानेवारीत हेच दोन लिटर चार दिवसांनी, मार्चमध्ये दिवसाआड आणि मे महिन्यात रोज सकाळी द्यावे लागतात. पारा चाळिशीला टेकतो त्या दिवसांत संध्याकाळी आणखी लिटरभर लागतं. रोज थोडंथोडं शिंपडलेलं पाणी वरच्या दोन इंचांतच राहतं, मुळंही मग वरच राहतात आणि पहिल्याच कडक उन्हात होरपळतात.

ओतल्याबरोबर पाणी तळातून बाहेर आलं तर खूश होऊ नये. माती फार सुकली की आक्रसते, कुंडीच्या कडेपासून सुटते आणि पाणी त्या फटीतून सरळ खाली निघून जातं. आतला गोळा कोरडाच राहतो. अशा वेळी कुंडी अर्धा तास पाण्याच्या टबात ठेवावी. खालच्या ताटलीत साठलेलं पाणी अर्ध्या तासाने ओतून टाकावं. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि साधारण आठ-दहा दिवसांत त्यातून नवा डास निघतो. त्यामुळे मी ताटल्या दर रविवारी घासून पुसते.

आता मोगरा. छाटणीपासून दिवस मोजणं म्हणजे काय, हे त्याच्याइतकं स्पष्ट दुसरं कुठलंच झाड दाखवत नाही.

नागपूरकडचे संत्रा बागायतदार आंबिया बहारासाठी थंडीत झाडांचं पाणी तोडतात. त्याला ताण देणं म्हणतात. ताणावर बसलेलं झाड पालवी थांबवतं, काडीत अन्न साठवतं, आणि पुन्हा पाणी मिळालं की नव्या फुटीबरोबर एकदम फुलतं. मोगऱ्याचं तंत्र याच जातीचं आहे. डिसेंबरच्या मध्यापासून मी त्याचं पाणी कमी करत नेते. जानेवारीत आठ-दहा दिवसांनी एकदा, तेही अर्धा लिटर, केवळ मुळं जिवंत राहावीत एवढंच. पानं पिवळी पडतात, काही गळतात. या दिवसांत घरातलं कुणी ना कुणी दया येऊन तांब्याभर पाणी घालतंच. ते होऊ नये म्हणून कुंडीवर लाल कापड बांधते. या काळात खताचा एक कणही द्यायचा नाही.

गेल्या वर्षी २८ जानेवारीला छाटणी केली. तो शून्यावा दिवस. आधी वाळलेल्या काड्या काढल्या, मग पेन्सिलीपेक्षा बारीक आणि एकमेकींत घुसलेल्या. उरलेल्या सात-आठ दमदार फांद्या निम्म्या उंचीवर कापल्या. प्रत्येक काप पानांच्या जोडीच्या जरा वर घेतला, कारण नवा डोळा पानाच्या बेचक्यात असतो. काडीवर राहिलेली पानंही हाताने खुडली. मग खुरप्याने वरची दोन इंच माती उकरून काढली. तिच्या जागी दोन ओंजळी गांडूळखत आणि मूठभर निंबोळी पेंड मिसळलेली नवी माती भरली आणि तळातून टिपकेपर्यंत पाणी दिलं. ताण तिथे संपला.

पुढचे दोन आठवडे नाजूक असतात. आता खत दिलंय, पाणी सुरू केलंय, म्हणजे रोज द्यायला हवं, असं वाटतं. पण झाडाला पान नाही. पाणी ओढायला कुणीच नाही. रोज दिलेलं पाणी कुंडीत नुसतं साठतं आणि ताणातून उठणारी मुळं सडवतं. छाटणी चांगली झाली आणि मोगरा मात्र फुटलाच नाही, अशी तक्रार ऐकली की मी आधी हेच विचारते, की छाटल्यानंतर पाणी किती घातलं? माझ्या कुंडीला दुसरं पाणी पाचव्या दिवशी दिलं आणि तिसरं दहाव्या.

तेराव्या दिवशी काडीवर हिरवे ठिपके दिसले. विसाव्या दिवशी फुटवे बोटाच्या पेराएवढे झाले. आता पानं आहेत, म्हणजे ओढ आहे. पाणी तीन दिवसांवर आणलं. पंचविसाव्या दिवशी पहिलं विरघळणारं खत दिलं, १९:१९:१९, लिटरला एक ग्रॅम. घरात ग्रॅमचा काटा नसतो, म्हणून माझं माप असं, की सपाट भरलेला चहाचा चमचा म्हणजे साधारण पाच ग्रॅम, तो पाच लिटरच्या बादलीत. त्यातलं अर्धा लिटर एका कुंडीला. पस्तिसाव्या दिवसाच्या सुमाराला फुटव्यांच्या टोकाला मोहरीएवढ्या कळ्या दिसल्या. तेव्हा नत्र थांबवलं. कळी धरल्यावर नत्राचा मारा झाला तर झाड पुन्हा पानांकडे वळतं. त्याऐवजी पालाश असलेलं ०:०:५० लिटरला एक ग्रॅम, दहा दिवसांच्या अंतराने दोनदा दिलं. पाणी आता दिवसाआड. पन्नासाव्या दिवशी, मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात, पहिली अकरा फुलं उमलली. त्या संध्याकाळी बाल्कनीचं दार उघडल्याबरोबर घर वासाने भरून गेलं, आणि माझी आई सोफ्यावरून उठून कुंडीपाशी येऊन उभी राहिली.

फुलांचा लोंढा ओसरला की पुन्हा कात्री, पण हलकी. फुललेल्या टोकाखालची पानांची दोन जोड्यांएवढी काडी कापायची, मूठभर गांडूळखत द्यायचं आणि मोजणी नव्याने सुरू करायची. या वेळी झाड पानांनी भरलेलं असतं, ऊन तापलेलं असतं, म्हणून थांबायचं कारण नाही. पुढची फुलं चार-पाच आठवड्यांत येतात. पावसाळा लागेपर्यंत असे दोन बहर सहज मिळतात.

बाकीच्या झाडांचा शून्यावा दिवस वेगळ्या ऋतूत येतो, एवढाच फरक. गुलाबाचा येतो पाऊस सरल्यावर. ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात मी त्याच्या चार-पाच दमदार फांद्या ठेवते आणि त्या निम्म्यावर आणते. काप बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या पाव इंच वर, तिरपा. गुलाबाचा काप उघडा ठेवला तर टोकाकडून काळा पडत फांदी खाली वाळत येते. म्हणून कापावर कॉपर ऑक्सिक्लोराइडची पेस्ट लावते. कुठे काळं पडलंच, तर आतला गर पांढरा दिसेपर्यंत खाली कापत जायचं. थोडकं ठेवून भागत नाही. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यातली छाटणी नोव्हेंबरच्या अखेरीला फुलते. कलमी गुलाबाला कलमाच्या जोडाखालून लांब, झपाट्याने वाढणारा धुमारा फुटला, तर तो खालच्या रानटी खुंटाचा असतो. तो मुळापासून उपटावा. कापला तर पुन्हा येतो आणि वरच्या गुलाबाचं खाणं पळवतो.

जास्वंदीला ताण चालत नाही. तिला फूल येतं ते कोवळ्या फुटीवर, आणि फूट थांबली की फूल थांबतं. म्हणून तिची सगळी छाटणी एकदम करत नाही. एक तृतीयांश फांद्या आज, पुढच्या तीन आठवड्यांनी, उरलेल्या आणखी तीन आठवड्यांनी. झाड कधीच उघडं पडत नाही, त्यामुळे पाण्याचं मापही फार बदलत नाही. गणपतीत लाल जास्वंद घरची हवी असेल, तर चतुर्थीच्या साधारण दहा आठवडे आधी ही हलकी छाटणी सुरू करावी. कळ्या गळण्याची दोन कारणं मला वारंवार भेटली. एक, उन्हाळ्यात एखाद्या दिवशी कुंडी पूर्ण सुकणं. संध्याकाळी पाणी दिलं तरी त्या दिवसाच्या कळ्या दोन-तीन दिवसांत पडतातच. दुसरं, पिठ्या ढेकूण. शेंड्यावर कापसासारखं पांढरं दिसलं की तो शेंडा कापून पिशवीत बंद करून टाकायचा. मग लिटरभर पाण्यात पाच मिलि निंबोळी तेल आणि चमचाभर साबणाचं पाणी फेसाळून संध्याकाळी फवारायचं, आठ दिवसांनी पुन्हा. नत्र जास्त दिलेल्या रसरशीत कोवळ्या फुटीवर ही कीड हटकून येते, हे मी माझ्याच झाडांवर पाहिलं आहे.

कढीपत्त्याची छाटणी स्वयंपाकघरातच होते. फोडणीसाठी एकेक पान ओरबाडलं तर फांदी लांबुडकी आणि बोडकी होत जाते. त्याऐवजी शेंडाच पानांसकट खुडावा, खालून दोन फुटवे येतात. थंडीत त्याची पानं पिवळी पडून गळतात, ते दुखणं नव्हे. तेव्हा त्याला खत देणं म्हणजे झोपलेल्याला जेवू घालणं. फेब्रुवारीत पालवी दिसली की सुरुवात करावी. ताक घालायची रीत आपल्याकडे जुनी आहे. एक वाटी ताकाला दहा वाट्या पाणी घालून महिन्यातून एकदा द्यायला हरकत नाही, पण त्याच्यावर झाडाचं पोट भरत नाही. गांडूळखत लागतंच. तुळशीच्या मंजिऱ्या हिरव्या असतानाच खुडल्या तर झाड पसरतं. द्वादशीला तुळस न तोडणारी घरं दुसरा दिवस धरतात. एका झाडाच्या मंजिऱ्या मात्र पिकू द्याव्यात, कारण तुळस कुंडीत दोन-तीन वर्षांत म्हातारी होते आणि पुढचं रोप तयार असावं लागतं.

अडेनियमची छाटणी फेब्रुवारीच्या शेवटी. त्याचा चीक विषारी असतो, हातमोजे घालावेत आणि कात्री धुवावी. कापल्यावर आठवडाभर पाणी द्यायचं नाही. नंतर उन्हाळाभर माती सुकली की पोटभर, आणि थंडीत पंधरा दिवसांनी थोडं. त्याची तहान त्याच्या फुगीर बुंध्यावर वाचता येते. बुंधा किंचित सुरकुतला तर पाणी द्यावं. दाबून मऊ लागला तर सड आहे. माझं पहिलं झाड गेलं त्या जुलैत त्याची पानं पिवळी पडत होती. मी भूक समजून खत दिलं, पाणी दिलं. बुंधा दाबून पाहायचं मला माहीतच नव्हतं.

खताबद्दल फार सांगायचं नाही, कारण बहुतेक बाल्कन्यांत खत कमी नसतं, जास्त होतं. माझा क्रम असा : वाढीच्या महिन्यांत बारा इंची कुंडीला दर महिन्याला दोन मुठी गांडूळखत. पहिल्या गटालाच त्याशिवाय पंधरा दिवसांनी पातळ खत. ते शेंगदाणा पेंडीचंही चालतं. १०० ग्रॅम पेंड लिटरभर पाण्यात तीन दिवस भिजवून, रोज ढवळून, गाळून, दहापट पाणी घालून. वास येतो, शेजाऱ्यांना आधी सांगावं. तिसऱ्या गटाला वर्षातून दोन वेळा मूठभर गांडूळखत बस्स. कोरड्या मातीत पातळ खत कधीच घालू नये. आधी साधं पाणी, तासाभराने खत. कोरडी मुळं तीव्र खताने भाजतात आणि दोन दिवसांत पानांची टोकं करपतात. नुकतं कुंडी बदललेलं, आजारी किंवा मे महिन्याच्या उन्हात धापा टाकणारं झाड यांनाही खत नको.

पिवळं पान मात्र नीट वाचायला शिकावं. खालची जुनी पानं सगळी पिवळी आणि माती वाफशावर असेल, तर नत्राची भूक. शेंड्याची नवी पानं पिवळी पण शिरा हिरव्या, तर लोहाची कमतरता. बोअरचं जड पाणी असलेल्या सोसायट्यांत गुलाब, मोगरा आणि जास्वंद यांना हे हमखास होतं, कारण क्षारयुक्त मातीत लोह असूनही मुळांना उचलता येत नाही. तिथे कितीही १९:१९:१९ घातलं तरी पान हिरवं होत नाही. चिलेटेड लोह लिटरला अर्धा ग्रॅम घेऊन पानांवर फवारलं, की पुढची पालवी हिरवी येते. असल्या पाण्याने कुंडीच्या काठावर पांढरा थर साचतो. दर दोन महिन्यांनी कुंडी न्हाणीघरात नेऊन, कुंडीच्या आकाराच्या दुप्पट गोडं पाणी सावकाश ओतून ते क्षार धुवून काढावे लागतात. पावसाळ्यात हे काम पाऊस करतो.

अर्थात, कठड्यावरच्या कुंड्यांचंच. पश्चिमेची बाल्कनी जूनपासून वाऱ्याच्या झोडीखाली असते. बाहेरची रांग दिवसभर भिजते आणि दोन फूट आत, स्लॅबखालची रांग कोरडी ठणठणीत राहते. पाऊस चालू आहे म्हणून झारी ठेवून दिली की जुलैत आतली झाडं तहानेने वाळतात. दोनदा माझा मनीप्लांट असाच सुकला. म्हणून पावसाळ्यात बोटाची तपासणी आतल्या रांगेची रोज आणि बाहेरच्या रांगेची आठवड्यातून एकदा करते. बाहेरच्या कुंड्यांखालच्या ताटल्या जूनमध्येच काढून ठेवते आणि तळाची भोकं सळईने मोकळी करते. झडीच्या दिवसांत पातळ खत बंद, कारण ते दुसऱ्या सरीबरोबर वाहून जातं.

आठवड्याचा क्रम आता असा बसला आहे. रोज सकाळी दहा मिनिटं पहिला गट, बोट घालून, लागेल त्यालाच पाणी. बुधवारी आणि रविवारी दुसरा गट. तिसरा गट फक्त महिन्याच्या पहिल्या आणि तिसऱ्या रविवारी, तोही उचलून पाहिल्यावर. रविवारीच ताटल्या, सुकलेली फुलं, पानांची खालची बाजू. फ्रिजवर एक कागद आहे. त्यावर झाडाचं नाव, शेवटच्या छाटणीची तारीख आणि शेवटच्या खताची तारीख, एवढे तीनच रकाने. पाण्यासाठी रकाना ठेवला नाही, कारण ते लिहिलं की हात मातीऐवजी कागदाकडे जातो.

मे महिन्यात आम्ही आठ दिवस गावी जातो, तेव्हाही हाच कागद उपयोगी पडतो. निघण्याच्या दहा दिवस आधी जास्वंद आणि मिरची यांची हलकी छाटणी करते, म्हणजे पान कमी आणि तहानही कमी. खत बंद. निघायच्या दिवशी पहिल्या गटाच्या सगळ्या कुंड्या भिंतीच्या सावलीत एकमेकींना चिकटवून ठेवते, मातीवर वाळलेल्या पानांचा दोन इंच थर देते आणि मधोमध पाण्याची झाकलेली बादली स्टुलावर ठेवते. बादलीच्या झाकणातल्या भोकांतून जाड सुती दोऱ्या निघतात. आधी भिजवलेल्या दोरीचं एक टोक बादलीच्या तळाला आणि दुसरं कुंडीत चार इंच खोल पुरते. बादली कुंडीपेक्षा उंचावर हवी. दोरीने किती पाणी उतरतं हे आधी दोन दिवस घरी असताना पाहून घेते, कारण दोरी बारीक निघाली तर जास्वंद आठ दिवस टिकत नाही. कोपऱ्यातल्या अडेनियमला आणि कोरफडीला काहीच करावं लागत नाही. परतल्यावर पहिल्या दिवशी सगळ्यांना फक्त साधं पाणी देते, आणि कुंड्या तीन-चार दिवसांत एकेक पाऊल करत पुन्हा उन्हात नेते.